हयातीचा दाखला आणि चौथा शनिवार: नोव्हेंबरात बँक नेमकी कधी बंद?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींत दर नोव्हेंबरात, हयातीचा दाखला बँकेत द्यायची वेळ आली की, एक वाद ठरलेला: "शेवटच्या शनिवारी बँक बंद असते की चालू?" याचं उत्तर दर वर्षी सारखं नसतं, कारण नियमात 'शेवटचा' हा शब्दच नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून देशभरातल्या बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार पूर्ण कामाचा. सहकारी बँकांनाही हेच लागू आहे.

चौथा शनिवार काढायचा तर महिन्यातला पहिला शनिवार कोणत्या तारखेला आला ते बघा आणि त्यात २१ मिळवा. पहिला शनिवार १ ते ७ यांपैकीच एका तारखेला येणार, म्हणून चौथा नेहमी २२ ते २८ च्या आतच पडतो. दुसरा काढायला ७ मिळवायचे, तो ८ ते १४ मध्ये येतो. शनिवारी २९ तारीख असेल तर तो पाचवा, मग कुणी काहीही सांगो.

आता दोन वर्षं शेजारी ठेवून बघू. नोव्हेंबर २०२५ ची सुरुवातच शनिवारी झाली. पहिला शनिवार १ तारखेला, म्हणजे चौथा २२ ला. २९ ला पाचवा शनिवार होता आणि ३० ला रविवार. दाखल्याची मुदत ३० नोव्हेंबर असली तरी काउंटरवर जायचा शेवटचा दिवस २९ होता, आणि 'शेवटचा शनिवार म्हणजे सुट्टी' असं धरून बसलेल्यांचा तोच हुकला. नोव्हेंबर २०२६ रविवारी सुरू होतो. पहिला शनिवार ७ ला, चौथा २८ ला. तो आणि २९ चा रविवार असे दोन दिवस बँक बंद, मग ३० ला सोमवारी एकदम गर्दी. यंदा शुक्रवार, २७ पर्यंत काम उरकलेलं बरं.

मोबाइलवर बघताना एक घोळ होतो. बऱ्याच फोनमध्ये आठवडा सोमवारपासून मांडलेला असतो. तिथे नोव्हेंबर २०२६ च्या पहिल्या ओळीत फक्त १ तारखेचा रविवार दिसतो आणि पहिला शनिवार दुसऱ्या ओळीत जातो. ओळी मोजल्या की चौथ्या ओळीतला २१ हाच 'चौथा शनिवार' वाटतो, पण तो तिसरा आहे. ओळी मोजू नका, शनिवारच मोजा.

दाखला कुणी द्यायचा? केंद्र आणि राज्य सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारक यांनी नोव्हेंबरात. ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल तर मात्र नोव्हेंबरची सक्ती नाही. दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, म्हणून मागच्या वेळची तारीख लिहून ठेवा.

बँकेत जाताना पीपीओ क्रमांक, आधार कार्ड, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ असू द्या. दाखला 'जीवन प्रमाण'वर घरून डिजिटल काढला तर शनिवार-रविवारचा प्रश्नच येत नाही, कारण त्याला बँकेचं काउंटर उघडं लागत नाही. पुनर्विवाह किंवा पुन्हा नोकरी झालेल्यांना मात्र डिजिटल दाखला चालत नाही, त्यांनी कागदच द्यावा. मुदत हुकली तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर ती थकबाकीसह पुन्हा सुरू होते, पण तोवर औषधपाण्याची तारांबळ होतेच.

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्यांसाठी आणखी एक वार ध्यानात ठेवायचा आहे. तिथल्या बँक अधिकाऱ्याची, नोटरीची किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची सही दाखल्यावर चालते, पण थँक्सगिव्हिंगला बँका बंद असतात आणि तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. आपल्यासारखाच शेवटचा की चौथा हा गोंधळ तिकडेही झाला होता. पूर्वी हा सण शेवटच्या गुरुवारी असे. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो ३० ऐवजी २३ तारखेला जाहीर केला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि एकाच देशात दोन सण झाले. शेवटी १९४१ मध्ये कायद्यात 'चौथा' असं लिहिलं गेलं. हिशोब तोच, फक्त वार वेगळा: नोव्हेंबर २०२६ चा पहिला गुरुवार ५ ला, अधिक २१, म्हणजे २६ नोव्हेंबर. सहीसाठी त्या दिवशी तिथल्या बँकेत जाऊ नका.