सुळका आणि टेकाड: गेम अटकतो तेव्हा दोष कुणाचा?

कोपऱ्यातला आकडा ५९ दाखवतोय, म्हणजे सेकंदाला ५९ चित्रं, अर्थात फ्रेम, पडद्यावर येतायत. तरीही शहराच्या वेशीतून आत शिरताना गेमला उचकी लागल्यासारखं होतं. आकडा खोटं बोलत नसतो, फक्त तो सरासरी सांगत असतो. एका सेकंदात ५८ फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमने ७२ मिलिसेकंद घेतले, तर बेरीज बरोबर १००० होते. फ्रेम ५९ झाल्या, सरासरी उत्तम. डोळ्याला मात्र ती एकच फ्रेम दिसते, कारण तेवढा वेळ चित्र जागच्या जागी थिजलेलं असतं.

म्हणून सेकंदाला किती फ्रेम हे विचारण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला हे मांडायचं. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणात ही पद्धत रुजवली. आडव्या अक्षावर फ्रेम किंवा वेळ, उभ्या अक्षावर मिलिसेकंद. रेघ जितकी सपाट तितका खेळ सुरळीत. पण रेघ उसळली एवढं कळून भागत नाही. ती कुणामुळे उसळली, प्रोसेसरमुळे की ग्राफिक्स कार्डमुळे, हे कळलं तरच उपाय सापडतो. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी ठरलेली: लोक रिझोल्यूशन कमी करतात, चित्र धूसर होतं आणि अटकणं तसंच राहतं.

दोघांची कामाची वाटणी बघू. पात्रं कुठे आहेत, कोण कुणाला धडकलं, काय काय रंगवायचं आहे, हे प्रोसेसर ठरवतो आणि त्याची यादी करून कार्डाकडे देतो. कार्ड ती यादी घेऊन पिक्सेल रंगवतं. एकाचं संपेपर्यंत दुसरा थांबत नाही. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढची तयार करत असतो आणि तयार झालेल्या एक-दोन याद्या रांगेत उभ्या असतात. विटा पुरवणारा बिगारी आणि भिंत बांधणारा गवंडी यांच्यासारखंच हे आहे. भिंतीचा वेग दोघांतल्या सावकाश माणसावर ठरतो. गवंडी सावकाश असेल तर विटांचा ढीग साचतो आणि बिगारी थांबतो. बिगारी कमी पडला तर ढीग संपतो आणि गवंडी हातावर हात ठेवून बसतो.

म्हणजे आपल्याला एवढंच शोधायचंय: उसळीच्या क्षणी मोकळं कोण बसलं होतं?

नुसत्या फ्रेमच्या वेळेवरून ते नेमकं सांगता येत नाही. त्याच्या जोडीला ‘कार्ड प्रत्यक्ष किती वेळ कामात होतं’ ही दुसरी रेघ लागते. २०२३ मध्ये इंटेलने PresentMon या मोफत साधनात GPU Busy नावाने ती आणली आणि हे निदान घरच्या घरी करता येऊ लागलं. हे साधन प्रत्येक फ्रेमची एक ओळ फाइलमध्ये लिहितं. आवृत्तीनुसार रकान्यांची नावं थोडी बदलतात, पण आपल्या कामाचे चार रकाने पुरेत: फ्रेमची वेळ, प्रोसेसरचं काम, प्रोसेसरचं थांबणं आणि कार्डाचं काम. वेशीतून शिरतानाच्या माझ्या नोंदीतल्या काही ओळी, दशांश एका घरापर्यंत आणून:

```
FrameTime  CPUBusy  CPUWait  GPUBusy
14.1       8.2      5.9      13.8
14.0       8.1      5.9      13.8
61.3       60.9     0.4      13.7
8.9        8.4      0.5      13.8
9.0        8.6      0.4      13.9
```

पहिल्या दोन ओळी नेहमीच्या आहेत. प्रोसेसरचं काम सुमारे ८ मिलिसेकंदांत उरकतं आणि उरलेले ६ तो कार्डासाठी थांबतो. कार्ड जवळपास पूर्ण वेळ राबतंय, म्हणजे एरवी हा गेम कार्डाच्या वेगाने चाललाय. तिसऱ्या ओळीत फ्रेमची वेळ एकदम ६१ वर गेली, पण कार्डाला लागलेला वेळ जिथल्या तिथे, १३.७. कार्डाला त्या फ्रेममध्ये काहीच जड गेलं नाही. यादीच उशिरा आली. CPUWait शून्याजवळ आला, म्हणजे प्रोसेसर कुणासाठी थांबलेला नव्हता. अडकला होता तो स्वतः.

चौथ्या-पाचव्या ओळींची गंमत मला फार उशिरा कळली. उसळीनंतर लगेच वेळ नेहमीपेक्षा कमी कशी, १४ ऐवजी ९? एवढ्या खोळंब्यानंतर गेम जलद कसा झाला? कारण खोळंब्यात रांग रिकामी झाली. आता प्रोसेसरला थांबायचं कारण उरलं नाही, तो आपल्या स्वतःच्या वेगाने, साडेआठ-नऊ मिलिसेकंदांना एक, अशा याद्या रांगेत टाकत सुटतो. दर फ्रेममागे तो कार्डापेक्षा पाचेक मिलिसेकंद पुढे जातो, त्यामुळे दोन फ्रेमांची रांग भरायला पाचएक फ्रेम लागतात. रांग भरली की पुन्हा १४. आलेखात हे फार ठसठशीत दिसतं: एक उंच, बारीक सुळका आणि त्याच्या उजव्या पायथ्याशी नेहमीच्या पातळीखाली गेलेली घळ. एरवी कार्डाच्या वेगाने चालणाऱ्या गेममध्ये ही जोडी दिसली, की दुसरी रेघ बघण्याआधीच माझा संशय प्रोसेसरच्या बाजूला जातो.

याच रांगेमुळे आणखी एक गोष्ट घडते. ६१ मिलिसेकंद हा प्रोसेसरच्या बाजूचा खोळंबा आहे, पडद्यावरचा नव्हे. रांगेत दोन फ्रेम शिल्लक असतील तर कार्ड पहिले २७-२८ मिलिसेकंद त्यांवर काढतं, मग तेहेतीसेक मिलिसेकंद रिकामं बसतं, नवी यादी आल्यावर पुन्हा १४ घेतं. पडद्यावर दोन चित्रांमध्ये पडणारी फट ४७ च्या आसपास असते. खोळंबा २० मिलिसेकंदांचा असता तर आलेखात सुळका दिसला असता आणि पडद्यावर काहीच जाणवलं नसतं. म्हणून प्रत्येक सुळक्यामागे धावण्यात अर्थ नाही.

आता कार्डाची बाजू. त्याच गेममध्ये पुढे एक स्फोट होतो आणि अर्धपारदर्शक धुराने सगळा पडदा भरतो. धुराचे थर एकावर एक येतात आणि तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. इथे फ्रेमची वेळ १४ वरून १७, २२, २७ अशी चढत गेली आणि धूर विरळ झाला तशी उतरली. GPUBusy ची रेघ तिला चिकटून चढली-उतरली. CPUBusy मात्र ८ वरच राहिलं आणि CPUWait फुगला. हा आकार टेकाडाचा आहे. चढण, माथा, उतार, आणि सगळं दृश्याशी ताळमेळ राखून. कारणही साधं आहे: पडद्यावरचं दृश्य सहसा हळूहळू जड होतं, तर प्रोसेसर एखाद्या एकाच कामात अचानक अडकतो. अर्थात आकार हा फक्त इशारा समजावा. कॅमेरा झटक्यात वळला तर कार्डाचाही सुळका होऊ शकतो. निकाल दुसऱ्या रेघेनेच द्यावा.

ती दुसरी रेघ देणारं साधन हाताशी नसेल तर जुना प्रयोग आहेच: रिझोल्यूशन २५६०×१४४० वरून १२८०×७२० वर आणायचं. पिक्सेल चौथाई होतात, प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. जे विरघळलं ते कार्डाचं, जे टिकलं ते प्रोसेसरचं. मी हे केलं आणि सपशेल फसलो. धुराचं टेकाड नाहीसं झालं, ठीक. नेहमीची पातळी १४ वरून साडेआठवर आली, कारण आता प्रोसेसरच सावकाश गडी ठरला. पण वेशीतला सुळकाही ६१ वरून २३ वर आला होता! म्हणजे तोही कार्डाचा? पुन्हा १४४० वर जाऊन मोजलं, तर तिथेही २३ च. रिझोल्यूशनचा संबंधच नव्हता. फरक पडला होता तो मी त्या वेशीतून दुसऱ्यांदा गेलो म्हणून.

पहिल्या खेपेला गेमला तिथल्या नव्या दृश्यासाठी काही शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, ऐन वेळी कंपाइल करावे लागले. हे काम प्रोसेसरवर होतं आणि तयार माल डिस्कवर साठवला जातो, त्यामुळे पुढच्या वेळी ते करावं लागत नाही. शिवाय एकदा वाचलेल्या फाइली मेमरीत राहतात, तोही फायदा दुसऱ्या खेपेला मिळतो. तेव्हापासून मी तुलना करायची तर पहिली खेप बाजूला ठेवतो आणि दुसरी-तिसरीच एकमेकांशी ताडून बघतो. पहिल्या खेपेपुरताच येणारा सुळका वेगळ्या जातीचा, दर खेपेला येणारा वेगळ्या.

‘पण टास्क मॅनेजर तर प्रोसेसर ३० टक्केच वापरात दाखवतो’ हा आक्षेप हमखास येतो. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी सोळा कामं समांतर चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापरात त्याचा वाटा सव्वासहा टक्के. गेमचा मुख्य थ्रेड गुदमरलेला असताना बाकीचे थ्रेड निवांत असू शकतात. त्यात तो आकडा एका सेकंदाच्या आसपासची सरासरी. ६१ मिलिसेकंदांची घटना त्यात कुठून दिसणार?

CPUBusy या नावानेही फसायला होतं. प्रोसेसर खरोखर घाम गाळत होता असं ते सांगत नाही. फ्रेम सुपूर्द करण्याच्या क्षणापर्यंत गेमच्या बाजूला गेलेला सगळा वेळ त्यात मोजला जातो. डिस्कवरून फाइल यायची वाट पाहिली, तरी तो त्यातच. गेमने स्वतःच सेकंदाला ६० ची मर्यादा लावून घेऊन डुलकी काढली, तरी तीही त्यातच. त्यामुळे मर्यादा किंवा व्हीसिंक, म्हणजे पडद्याच्या ठेक्यावरच फ्रेम दाखवायची सोय, चालू असताना कार्ड निम्मा वेळ मोकळं दिसेल आणि प्रोसेसर कमी पडतोय असं वाटेल, प्रत्यक्षात दोघंही आरामात असतील. मोजताना दोन्ही बंद ठेवावीत. ६० हर्ट्झच्या पडद्यावर व्हीसिंक चालू असेल तर आलेख १६.७ वरून थेट ३३.३ वर पायरीसारखी उडी घेतो आणि मूळ कारणाचा आकारच हरवतो.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरून वाहू लागली तर मात्र हे दोन रेघांचं शास्त्र डळमळतं. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, मुख्य मेमरीतून ये-जा करू लागतात, कधी कार्ड कामात दिसतं, कधी रिकामं. तिथे टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणून सुळके जातात का, हे पाहणं जास्त भरवशाचं.

माझ्या वेशीत टेक्स्चर उतरवून काही फरक पडला नाही, सावल्यांचा दर्जा उतरवूनही नाही. गर्दीची घनता दोन पायऱ्या खाली आणली, तेव्हा तिसऱ्या खेपेचा सुळका २३ वरून १७ वर आला. रिझोल्यूशन परत १४४० वर नेऊन ठेवलं.