पिवळा उजेड आणि पिवळा उजेड: रिसेप्शनची साडी निवडण्याआधी

रिसेप्शनच्या स्टेजवर "वॉर्म लाइट" असेल, असं डेकोरेटर सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. पण या एका नावाखाली दोन वेगळे उजेड येतात. पांढऱ्या भिंतीवर दोन्ही सारखेच पिवळसर दिसतात, मात्र साडीवर पडले की त्यांची तऱ्हा निराळी.

पहिला हॅलोजनचा. त्याची तार तापून उजळते, त्यामुळे लालपासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग त्यात सलग असतात. निळा भाग तेवढा कमी. चांगल्या प्रतीचा वॉर्म व्हाइट एलईडीही याच्या जवळ जातो. दुसरा उजेड रंग बदलणाऱ्या एलईडी पारचा, म्हणजे स्टेजवर रोखून लावतात त्या डब्यासारख्या दिव्याचा. त्यात लाल, हिरवे आणि निळे दिवे असतात, आणि अंबर रंग हवा असला की निळे बंद करून लाल-हिरवे एकत्र लावतात. डोळ्याला ते पिवळं वाटतं, पण खऱ्या पिवळ्या रंगाचा उजेड त्यात जवळजवळ नसतोच. निळा तर नाहीच.

हळदीच्या रंगाची, मोरपंखी काठांची पैठणी घ्या. हॅलोजनखाली ती दुकानात दिसली त्याहून जरा ऊबदार, पण पिवळीच दिसते. काठ थोडे हिरवटतात, एवढंच. लाल-हिरव्याच्या अंबरखाली मात्र हळदी रंग केशरीकडे सरकतो, कारण ते कापड लाल उजेड भरपूर परतवतं आणि दिव्यातला हिरवा अर्धामुर्धाच. काठांना परतवायला निळा मिळत नाही, म्हणून मोरपंखी मळकट गडद हिरवा होतो. ज्या विरोधासाठी ही पैठणी घेतली, तोच नाहीसा!

राणी रंगाची गंमत याहून मोठी. राणी म्हणजे लाल आणि निळा यांची सांगड. हॅलोजनमध्ये थोडा निळा असतो म्हणून ती गुलाबी राहते, अंबर पारखाली सरळ लाल होते. जांभळी साडी हॅलोजनमध्ये आमसुलीकडे झुकते, अंबरमध्ये काळपट तपकिरी दिसते. चिंतामणी रंगाचे हालही मोरपंखीसारखेच.

दोन्हीकडे टिकतात त्या मुळात लालवर उभ्या असलेल्या साड्या: कुंकवासारखी लाल, डाळिंबी, वाइन. पारखाली लाल जरा भडक होतो, पण रंगाची ओळख जात नाही. स्टेज कसं असेल ते माहीत नसताना मला विचाराल तर मी डाळिंबी कांजीवरमच काढेन. तिच्यावरची सोनेरी जरी लालबरोबर हिरवाही परतवते, त्यामुळे डाळिंबीवर ती पिवळी उठून दिसते. फक्त समोरचा दिवा निळा नको. निळ्यात लाल साडी काळी पडते आणि सोनं निस्तेज होतं. निळा हवाच असेल तर तो मागच्या पडद्यावर शोभतो.

दागिन्यांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण चकचकीत सोनं समोरचे दिवे आरशासारखे दाखवतं. कोल्हापुरी साज किंवा ठुशी दोन्ही उजेडांत सोन्याचीच दिसते. अडचण मोत्यांची. मोती जो उजेड पडेल त्याचा रंग घेतात, त्यामुळे अंबरमध्ये चिंचपेटी आणि तन्मणी पिवळट दिसतात. पिवळ्या किंवा सोनेरी साडीवर त्या विरून जातात, डाळिंबीवर ठसठशीत राहतात. नथीतल्या लाल खड्याला काही होत नाही. हिऱ्यांची आणि अमेरिकन डायमंडची गोष्ट वेगळीच: त्यांना रंगापेक्षा दिव्याचा आकार महत्त्वाचा. लहान, टोकदार दिव्यांत ते लकाकतात, मोठ्या पसरट पॅनेलसमोर मंद होतात.

हॉलवर कुठला उजेड आहे, हे ओळखायला जुनी सीडी पुरते. फक्त समोरचा दिवा लावायला सांगा आणि सीडीची मागची बाजू तिरपी धरा. लालपासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसला तर पहिला प्रकार. लाल आणि हिरवे सुटे पट्टे आणि मधे अंधार दिसला तर दुसरा. सीडी नसेल तर भिंतीवर हाताची सावली पाडा. ज्या पारमध्ये लाल-हिरवे दिवे सुटे बसवलेले असतात, त्यात सावलीच्या कडेला लाल-हिरवी किनार दिसते. मात्र किनार दिसली नाही म्हणून हॅलोजनच आहे, असं धरू नका. हे दिवे भिंगाआड मिसळलेलेही असतात.

दुसरा प्रकार निघाला आणि जांभळी साडी आधीच घेतलेली असेल, तर "फोटोग्राफर नीट करून घेईल" यावर विसंबू नका. एकूण पिवळेपणा कॅमेऱ्यात कमी करता येतो, पण साडीवर जो निळा पडलाच नाही, तो मागाहून आणता येत नाही. पारमध्ये पांढरा दिवाही आहे का, ते डेकोरेटरला विचारा. असेल तर समोरून तो लावायला सांगा आणि अंबर मागे, फुलांवर ठेवा.