ऐतिहासिक कथेतला तपशील कसा तपासावा?

हस्तलिखित संपादनासाठी आमच्याकडे देण्याआधी एवढी तपासणी घरीच करा. तुमचा वेळ आणि दुरुस्तीचा खर्च, दोन्ही वाचतील.

कथेत तुम्ही स्वतः रचलेल्या प्रत्येक तपशिलाखाली पेन्सिलने रेघ ओढा. मग तीन गोष्टी विचारा: ही वस्तू त्या साली होती का? या गावात पोचली होती का? आणि या माणसाच्या ऐपतीत होती का? बरेच लेखक पहिल्याच प्रश्नावर थांबतात. घोटाळा मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यात असतो.

नमुना म्हणून हे वाक्य घ्या. प्रसंग डिसेंबर 1936 मधल्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचा, पात्र एक सालदार:

"28 तारखेच्या किर्र काळोखात जळगाव जिल्ह्यातला तो गडी बॅटरी घेऊन मंडपामागून निसटला, खिशात पन्नास पैसे, पिशवीत दोन किलो दाणे."

बॅटरी तेव्हा होती, पण सालदाराच्या हाती कंदीलच शोभेल. "पन्नास पैसे" म्हणजे आजच्यासारखा अर्धा रुपया नव्हे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासूनची. त्याआधी रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे, म्हणजे अर्ध्या रुपयाला "आठ आणे" लिहा. किलोच्या जागी शेर. शेराचे माप सगळीकडे एकच नव्हते, म्हणून किलोचा काटेकोर हिशेब करून "दोन शेर अकरा तोळे" असे लिहू नका. "दोनेक शेर" पुरे. जिल्हा तेव्हा पूर्व खानदेश होता, 1906 मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हापासून.

खरी अडचण काळोखाची. 28 डिसेंबर 1936 ला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. रात्र लख्ख चांदण्याची, त्यामुळे कंदीलही नको आणि निसटणेही अवघड. शब्द बदलून हे सुटत नाही, प्रसंगच हलवावा लागतो. अमावास्या त्याआधी दोन आठवडे, 13-14 डिसेंबरला होती. मंडपाची उभारणी चाललेल्या त्या दिवसांत प्रसंग नेला, तर काळोखही मिळतो आणि गर्दीही. म्हणून तारीख दिलीत की त्या सालचे पंचांग आधी उघडा. तारीख न देता "अधिवेशनाच्या सुमारास" म्हटले तर थोडी मोकळीक राहते.

संवादांत एक चूक खानदेशाबाहेरचे लेखक हमखास करतात: खानदेश म्हटले की सगळ्यांच्या तोंडी अहिराणी. फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली बोलतात. अहिराणी धुळे-अमळनेरकडच्या पात्राला द्या. सरकारी हुद्देही तपासा: "जिल्हाधिकारी" नको, "कलेक्टर", "तहसीलदार" नको, "मामलेदार".

आणि एक उलटी चूक. पात्राने आण्यापैशांचा हिशेब वाचकाला समजावून सांगितला, तर तपशील खरा असूनही वाक्य खोटे वाटते. सालदार आठ आणे मोजतो आणि कनवटीला लावतो, एवढेच लिहा.