ब्रॉयलरमधलं हार्मोन आणि ब्रॉयलरमधलं अँटिबायोटिक

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, पोरीला ब्रॉयलर देत जाऊ नकोस. नववं लागलंय तिला. त्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं मारतात, पाळी लवकर येते मुलींना." काकूंच्या मनात माया होती, म्हणून मी त्यांना बसवून नीट सांगितलं. पण हेच वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकतो, दवाखान्यात ऐकतो, आणि शिकलेल्या माणसांकडून जास्त ऐकतो. आठ वर्षं आमच्या शेडमध्ये पाच-पाच हजार पक्ष्यांच्या बॅच काढल्या आहेत. हार्मोनची बाटली एकदाही शेडमध्ये आली नाही. अँटिबायोटिकची मात्र आली. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्यात खरा धोका झाकला जातो, याचा मला मनापासून त्रास होतो.

आधी हार्मोन. वाढीचं हार्मोन हे स्वतःच एक प्रथिन आहे. ते खाद्यातून दिलं तर पोटात डाळीसारखं पचून जातं. मधुमेही माणसाला इन्सुलिन सुईनेच घ्यावं लागतं, ते याच कारणाने. म्हणजे द्यायचं तर प्रत्येक पक्ष्याला टोचायचं, आणि तेही पुन्हा पुन्हा, कारण हे हार्मोन रक्तात फार वेळ टिकत नाही. पाच हजार पक्षी रोज धरून टोचायचे! ज्याने एकदा तरी भरल्या शेडमध्ये पक्षी धरले आहेत त्याला विचारा. एका कोपऱ्यात गडबड झाली की पक्षी एकमेकांवर चढतात, खालचे गुदमरतात, आणि बाकीचे घाबरून खाणं सोडतात. मजुरी बाजूलाच राहू द्या, नुसत्या दडपणाने वजन उतरेल. शिवाय कोंबडीवर हा प्रयोग करून पाहिला गेला आहे आणि वाढीत दखल घेण्याजोगा फरक पडलेला नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? दोन मुळं मला दिसतात. एक जुनं आणि परदेशी. अमेरिकेत 1940 नंतरच्या काळात डीईएस नावाच्या कृत्रिम स्त्री-हार्मोनची गोळी नर कोंबड्यांच्या मानेच्या कातडीखाली बसवायचे. त्याने कोंबडा खच्ची केल्यासारखा मऊ आणि चरबीदार व्हायचा. 1959 साली तिथे ते कोंबड्यांसाठी बंद झालं. दुसरं मूळ आपल्या गोठ्यातलं. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणारे लोक आपण पाहिले आहेत, आणि "म्हशीला देतात तर कोंबडीलाही देत असणार" असा हिशोब मनात बसला. पण ऑक्सिटोसिन दूध उतरवतं, मांस वाढवत नाही.

शेडमध्ये सुई आणि ड्रॉपर दिसतात, तेही खरं आहे. त्या लसी असतात. मरेक्सची लस पिल्लू हॅचरीतून निघायच्या आधीच टोचलेली असते. पाच-सात दिवसांचं झालं की मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरोची लस पिण्याच्या पाण्यातून, आणि पुढे मानमोडीचा आणखी एक डोस. बाळाला पोलिओचे थेंब पाजतात त्याहून यात काही वेगळं नाही.

"पण चाळीस दिवसांत दोन किलो होतोच कसा?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर निवड पैदाशीत आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक सुरेख प्रयोग झाला, 2014 साली तो छापून आला. 1957 सालचं ब्रॉयलर वाण, 1978 सालचं वाण आणि 2005 सालचं वाण, अशी तिन्ही त्यांनी एकत्र वाढवली. खाद्य तेच, व्यवस्था तीच. 56 व्या दिवशी 1957 चा पक्षी 905 ग्रॅम भरला, 1978 चा 1,808 ग्रॅम, आणि 2005 चा 4,202 ग्रॅम. खाद्य एकच असताना साडेचार पटींहून जास्त फरक पडला, तो फक्त पिढ्यान्‌पिढ्या जास्त खाणारे आणि खाल्लेलं अंगी लावणारे पक्षी निवडून. देशी कोंबडा आणि ब्रॉयलर यांच्यातला फरक हा गावठी गाय आणि होल्स्टिन यांच्यातल्या फरकासारखा आहे. होल्स्टिन वीस लिटर देते म्हणून तिला कोणी हार्मोन दिलं असं आपण म्हणत नाही.

आमच्या बॅचचा साधा हिशोब सांगतो. पिल्लू येतं तेव्हा चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं. भाताच्या तुसावर, ब्रूडरच्या उबेत, मका आणि सोयापेंडीचं खाद्य जवळपास दिवसभर पुढ्यात. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर अशी खाद्याची पोती बदलत जातात. चाळिसाव्या दिवशी सव्वादोन किलोच्या आसपास वजन आणि तोवर पोटात गेलेलं खाद्य साधारण साडेतीन किलो. किलोभर वजनाला दीड-पावणेदोन किलो खाद्य. जे वाढतं ते या मक्या-सोयातून येतं, जादूने नाही.

आता जिथे पाय घसरतो ती जागा. खाद्याच्या आणि औषधाच्या व्यवहारात "ग्रोथ प्रमोटर" हा शब्द सर्रास चालतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाढीचं औषध म्हणजे हार्मोनच. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं ग्रोथ प्रमोटर म्हणून खाद्यात मिसळलं गेलं ते अँटिबायोटिक, अगदी थोड्या मात्रेत, पक्षी आजारी नसताना. आतड्यातले जंतू दबले की खाद्य थोडं जास्त अंगी लागतं, दाटीच्या शेडमधले आजारही दबून राहतात. वाढीत पडणारा फरक थोडाच, पण हजारो पक्ष्यांमागे तो पैशात दिसतो. लोकांना "काहीतरी देतात" हा जो वास येतो तो खोटा नाही, त्यांनी फक्त नाव चुकीचं ठेवलं आहे.

आणि नाव चुकलं की भीतीही चुकीच्या जागी जाते. हार्मोनची भीती म्हणते, मुलीला पाळी लवकर येईल. त्यामागे जास्त ठळक दिसणारं कारण मुलींचं वाढलेलं वजन आहे, ब्रॉयलर नाही. अँटिबायोटिकचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. थोड्या मात्रेत, रोज, हजारो पक्ष्यांना औषध मिळालं की जे जंतू त्याला पुरून उरतात तेच वाढतात. ते जंतू कच्च्या मांसाबरोबर आणि खतातून बाहेर पडतात. कोंबड्यांना दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन घ्या. पक्ष्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, आणि आपल्याला लघवीच्या जंतुसंसर्गाला डॉक्टर लिहून देतात त्यातलं एक औषध हेच. जंतू एकाला सरावला की दुसऱ्यालाही सरावतो. उद्या काकूंनाच ताप भरला आणि गोळी लागू पडली नाही, तर त्या ब्रॉयलरला दोष देणार नाहीत, कारण त्यांचं लक्ष हार्मोनवर आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध, आणि तेही कोंबड्यांना दिलं जात होतं. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्याच्यावर बंदी घातली.

आजारी पक्ष्याला औषध द्यायलाच हवं, त्यात पाप नाही. औषध थांबवल्यावर विक्रीआधी ठरावीक दिवस जाऊ द्यायचे असतात, म्हणजे अंगातून ते निघून जातं. गडबड होते ती इथे. भाव चढला, गाडी दारात आली, आणि कालपर्यंत पाण्यात औषध चालू होतं. तुमच्या ओळखीचा शेडवाला असेल तर "हार्मोन देता का" हे विचारू नका. "शेवटचं औषध कोणत्या दिवशी दिलं आणि पक्षी कोणत्या दिवशी गेले" हे विचारा. मांस पाहून, रंगावरून किंवा वासावरून हे ओळखता येत नाही. पिवळट कातडी मक्याने येते.

घरी करायचं ते सोपं आहे. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि कोशिंबिरीवर जातात. सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा. हाडाजवळचं मांस पूर्ण शिजू द्या, म्हणजे जंतू मरतात. औषधाचे अंश मात्र शिजवून सगळे जात नाहीत, आणि ते कलेजीत व गुर्द्यात जास्त साठतात. म्हणून आमच्या घरी कलेजी कधीतरीच असते. "गावरान" म्हणून दुप्पट पैसे देणाऱ्यांना एवढंच सांगतो की बाजारातला बराचसा गावरान हा गिरिराज, वनराजा किंवा तत्सम संकर असतो, आणि औषध त्यालाही दिलेलं असू शकतं. चव आवडते म्हणून जरूर घ्या.

आता रोजच्या प्रथिनासाठी चिकन, अंडी की मासे? प्रथिनाच्या दर्जात तिघांत भांडण लावण्यासारखं काही नाही. फरक ताटात किती पडतं यात आहे, आणि तिथे चिकनबद्दल लोक फसतात. अर्धा किलो चिकन चौघांत केलं तर हाडं वजा जाता मांस उरतं सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे माणशी ऐंशी ग्रॅम, प्रथिनं सोळा-सतरा ग्रॅम. तेवढी अडीच अंड्यांत मिळतात, एका अंड्यात सहा ग्रॅमहून थोडी जास्त असतात. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2020 चं प्रमाण सांगतं. आमच्याकडे अंडं सात रुपयांना आणि चिकन 240 रुपये किलो. हिशोब केला तर अंड्याचं प्रथिन चिकनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. रोजच्यासाठी मी अंडंच निवडतो आणि चिकन आठवड्यातून एक-दोनदा. फक्त जिममधल्या पोरांनी कच्ची अंडी पिणं सोडावं. शिजलेल्या अंड्यातलं सुमारे 90 टक्के प्रथिन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं.

मासा या दोघांपेक्षा एका बाबतीत सरळ पुढे आहे, ते म्हणजे ओमेगा-3. बांगडा आणि तारली यांत ते भरपूर, आणि दोन्ही सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्त. ताजा बोंबील खाऊन प्रथिनं भरपूर मिळाली असं समजू नका, त्यात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. सुका बोंबील वेगळा. माशाची काळजीही वेगळी आहे. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गरोदर बाईने ते टाळून बांगडा, तारली खावी. आणि मासा टिकवायला काय लावलंय हा प्रश्न असतोच. जुलै 2018 मध्ये फॉर्मेलिनच्या धास्तीने गोव्यात बाहेरच्या राज्यांतून येणारी मासळी पंधरा दिवस बंद केली होती.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी विचारलं, "मग पोरीला द्यायचं काय?" मी म्हटलं, रोज एक-दोन उकडलेली अंडी, आठवड्यातून दोनदा बांगडा, रविवारी नीट शिजवलेलं चिकन. आणि तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला एकदा विचारा, पक्षी कोणत्या शेडमधून येतात.