घड्याळ मागे गेलं की नंबर रिपीट होतो: स्नोफ्लेक आणि यूयूआयडीची गोष्ट

चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यातल्या कुठल्याही बाजारात उभं राहायला जागा नसते. माटोळीचं सामान, फळं, फटाके, कपडे, सगळं एकदम. अशाच एका दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर मी बघतो, पणजी, म्हापसा, फोंडा आणि मडगाव अशा चार शाखा, आणि प्रत्येक शाखेत एक छोटा सर्व्हर ठेवलाय कारण पावसात नेट कधी जाईल सांगता येत नाही आणि नेट गेलं म्हणून गिऱ्हाइकाला थांबा म्हणता येत नाही. आता प्रत्येक बिलाला आणि बिलातल्या प्रत्येक ओळीला एक नंबर लागतो, तो चारही शाखांत मिळून एकदाच यायला हवा, कारण रात्री सगळा डेटा एका ठिकाणी जमा होतो.

एकच सर्व्हर असता तर सोपं होतं, १, २, ३ असं मोजत जायचं. पण चार सर्व्हर आणि मोजणारा एक म्हणजे फोंड्याच्या काउंटरला प्रत्येक बिलासाठी पणजीला विचारावं लागणार, आणि लाइन तुटली की बिलिंग बंद. तेव्हा कोणालाही न विचारता नंबर काढायचा आणि तरी तो दुसऱ्या कोणाच्या नंबराशी जुळता कामा नये. जमलंच तर नंबर साधारण वेळेच्या क्रमाने वाढावेत, म्हणजे आधीचं बिल आधी, नंतरचं नंतर.

ट्विटरला हाच प्रश्न पडला होता, अर्थात फार मोठ्या आकारात. २०१० मध्ये त्यांनी स्नोफ्लेक नावाची पद्धत काढली. ६४ बिटांचा एक पूर्णांक घ्यायचा. पहिला बिट शून्य ठेवायचा, म्हणजे नंबर ऋण होत नाही. पुढच्या ४१ बिटांत वेळ, एका ठरवलेल्या दिवसापासून किती मिलिसेकंद झाले ते. मग १० बिट मशीनचा नंबर, म्हणजे ०पासून १०२३पर्यंत. शेवटचे १२ बिट अनुक्रमांक, एकाच मिलिसेकंदात एकाच मशीनने दुसरा, तिसरा नंबर काढला तर तो वाढतो, मिलिसेकंद बदलला की परत शून्य. एका मशीनला एका मिलिसेकंदात ४०९६ नंबर मिळतात. ४१ बिटांत साधारण ६९ वर्षं मावतात, म्हणून मोजणी १९७० पासून न धरता आपल्या सोयीच्या तारखेपासून धरतात.

कोडमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
id = ((now_ms - EPOCH) << 22) | (worker << 12) | seq
```

हातानेच करून बघूया. समजा आपली मोजणी सुरू होऊन बरोबर एक दिवस झाला, म्हणजे ८,६४,००,००० मिलिसेकंद. मशीन नंबर ५, अनुक्रमांक ३. वेळेला २२ बिट डावीकडे सरकवायचं म्हणजे ४१,९४,३०४ ने गुणायचं, मशीनच्या नंबराला ४०९६ ने गुणायचं, आणि शेवटी ३ मिळवायचे. उत्तर येतं `362387865620483`. उलटं जायचं तर या आकड्याला ४१,९४,३०४ ने भागा, पूर्ण भाग ८,६४,००,००० येतो, म्हणजे नंबर नुसता बघून तो कधी जन्माला आला ते कळतं. मला ही गोष्ट मनापासून आवडते, कारण पुढे जो घोळ सांगतो तो मला ह्याच गुणामुळे सापडला.

यात "साधारण क्रमाने" हा शब्द महत्त्वाचा आहे. पणजीचं घड्याळ म्हापशाच्या घड्याळापेक्षा २० मिलिसेकंद पुढे असेल तर पणजीचा नंबर मोठा दिसेल, जरी बिल म्हापशाला नंतर झालं असलं तरी. एका मशीनच्या आत क्रम पक्का, मशीन-मशीनमध्ये घड्याळं जितकी जुळतील तितकाच. बहुतेक कामांना तेवढं पुरतं.

आता फोंड्याची गोष्ट. संध्याकाळी ऐन गर्दीत लाईट गेली, युपीएस दमला, सर्व्हर बंद. दोन मिनिटांत तो परत चालू झाला. कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा त्याचं घड्याळ नेटवरून जुळवलं जातं, पण बंद असताना वेळ सांभाळतं ते मदरबोर्डवरचं छोटं घड्याळ, आणि फोंड्याच्या मशीनचं ते घड्याळ तीन मिनिटं मागे होतं. नेटही गेलेलं असल्यामुळे जुळवायला कोणी नाही. म्हणजे सर्व्हर उठला तेव्हा त्याच्या मते वाजलेली वेळ ही बंद पडण्याच्या एक मिनिट आधीची होती. तो एक मिनिट त्याने दुसऱ्यांदा जगला.

स्नोफ्लेकचं चांगलं कोड शेवटची वापरलेली वेळ लक्षात ठेवतं आणि घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर नंबर द्यायला सरळ नकार देतं. आमच्याही कोडमध्ये ते होतं. पण ती शेवटची वेळ मेमरीत होती, आणि मेमरी लाईटबरोबर गेली. मशीन नव्याने उठलं तेव्हा त्याला मागचं काहीच आठवत नव्हतं म्हणून तक्रार करायचं कारणही नव्हतं.

किती नंबर जुळतील ते मोजता येतं. पाच काउंटर, सेकंदाला साधारण पाच वस्तू स्कॅन होतात, प्रत्येक स्कॅनला एक नंबर. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद आणि त्यातले सुमारे ३०० वापरलेले. त्याच मिनिटात दुसऱ्यांदा अजून ३०० नंबर काढले, प्रत्येकाची आधी वापरलेल्या मिलिसेकंदावर पडायची शक्यता दोनशेत एक. ३०० भागिले २००, सरासरी दीड टक्कर. अनुक्रमांक आपल्याला वाचवेल असं वाटतं, पण इतक्या कमी गर्दीत तो जवळजवळ कायम शून्यच असतो, दोन्ही वेळा शून्य, त्यामुळे तो काहीच वाचवत नाही.

झालंही तसंच. काउंटरवरच्या मुलीला स्क्रीनवर एरर दिसली, तिने परत स्कॅन केलं, गेलं. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ही ओळ होती:

```
ERROR 1062 (23000): Duplicate entry
```

डेटाबेसने प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीचा एकमेव नंबर, पाहून अडवलं म्हणून आम्ही सुटलो. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये तोच नंबर परत लिहिला की जुनी ओळ गुपचूप बदलते, एरर येत नाही, ती विक्री नुसती नाहीशी झाली असती. मी त्या रात्रीच्या ओळी लिहिल्या गेलेल्या क्रमाने लावल्या, प्रत्येक नंबरातून वेळ काढली, आणि एका जागी वेळ एक मिनिट मागे उडी मारताना स्पष्ट दिसली.

याच जातीचा दुसरा धोका म्हणजे मशीनचा नंबर. नवीन शाखेसाठी जुन्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी कॉपी केली आणि सेटिंगमधला नंबर बदलायला विसरलं तर दोन मशीन एकाच नंबराने काम करायला लागतात आणि कोणाचंही घड्याळ न बिघडता टक्कर होते. १०२४ मशीनपर्यंत चालतं हे खरं, पण तो नंबर वाटायला कोणीतरी हवंच, माणूस असो नाहीतर प्रोग्राम.

आता यूयूआयडी. हा १२८ बिटांचा, ३६ अक्षरांत लिहिला जाणारा लांबलचक आयडी. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट निव्वळ यादृच्छिक असतात, बाकीचे सहा प्रकार सांगायला. घड्याळ नको, मशीन नंबर नको, कोणाला काही विचारायचं नाही. सेकंदाला शंभर कोटी आयडी काढत राहिलात तरी एखादी टक्कर झाली असण्याची शक्यता अर्ध्यावर यायला ८५ च्या आसपास वर्षं लागतात. प्रत्यक्षात टक्कर झालीच तर बहुतेक वेळा दोष यादृच्छिक आकडे देणाऱ्या कोडचा असतो.

मग सगळीकडे तेच का वापरत नाही? कारण डेटाबेस. मायएसक्यूएल डेटाबेसचा डेटा साठवणारा भाग म्हणजे इनोडीबी, त्यात ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने पानांवर मांडलेल्या असतात, एक पान १६ केबीचं. नंबर वाढत्या क्रमाने आले की नवी ओळ नेहमी शेवटच्या पानावर जाते, ते पान मेमरीत असतंच. यादृच्छिक आयडी आला की तो कुठल्याही पानावर पडू शकतो, ते पान डिस्कवरून आणा, भरलेलं असेल तर फोडून दोन करा. रजिस्टरच्या शेवटी लिहिणं आणि मधेच कुठेतरी ओळ घुसवणं यात जो फरक तोच. टेबल मेमरीत मावतं तोवर हे जाणवत नाही, मेमरीपेक्षा मोठं झालं की लिहिणं हळू होत जातं आणि कारण पटकन सापडत नाही.

ह्याच्यावर उपाय म्हणून यूयूआयडीचा सातवा प्रकार आला, मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मध्ये. पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, १९७० पासून, आणि प्रकाराचे सहा बिट सोडले तर उरलेले ७४ यादृच्छिक ठेवता येतात. १ जानेवारी २०२५ ला आपल्याकडे पहाटेचे बरोबर साडेपाच वाजले त्या मिलिसेकंदात जगात कुठेही काढलेला असा आयडी `01941f29-7c00-7` ने सुरू होतो. म्हणजे क्रमही साधारण मिळाला आणि मशीनला नंबर वाटायची कटकटही गेली.

फोंड्याचा तो दुसऱ्यांदा जगलेला मिनिट ह्या सातव्या प्रकारावर टाकून बघा. घड्याळ मागे गेलं, वेळेचे बिट तेच आले, पण पुढचे ७४ बिट वेगळे. क्रम एका मिनिटापुरता विस्कटला असता, बिल मात्र एकही आपटलं नसतं. माझ्या दृष्टीने दोघांतला खरा फरक इथे आहे. स्नोफ्लेकमध्ये घड्याळ चुकलं की नंबराचं एकमेवपणच जातं, सातव्या यूयूआयडीत घड्याळ चुकलं की फक्त क्रम जातो. याची किंमत म्हणजे आठऐवजी सोळा बाइट, आणि इनोडीबीमध्ये दुसऱ्या प्रत्येक इंडेक्समध्ये प्रायमरी की परत लिहिली जाते म्हणून ती किंमत प्रत्येक इंडेक्सला पडते. शिवाय फोनवर बिल नंबर सांगताना छत्तीस अक्षरं कोण सांगणार.

स्नोफ्लेक ठेवणार असाल तर ब्राउझरचं एक सांभाळा. जावास्क्रिप्टचा साधा आकडा २ चा ५३ वा घात, म्हणजे `9007199254740992` पर्यंतच अचूक असतो, आणि स्नोफ्लेक नंबर ही हद्द मोजणी सुरू झाल्यापासून २५ व्या दिवशी ओलांडतो. त्यानंतरही रोजचे नंबर बरोबर दिसतात, कारण अनुक्रमांक शून्य असलेला नंबर ४०९६ च्या पटीत असतो आणि तो अचूक मावतो. पण गोडाऊनचा माल एकदम चढवला, एका मिलिसेकंदात बऱ्याच ओळी गेल्या, की अनुक्रमांक १ चा ० होतो आणि ३ चा ४, आणि स्क्रीनवर भलतीच वस्तू उघडते. ट्विटरने यासाठी आयडी अक्षरांच्या रूपातही द्यायला सुरुवात केली, `id_str` नावाने. आम्हीही स्क्रीनकडे नंबर अवतरण चिन्हांतच पाठवतो.

फोंड्याला दुरुस्ती छोटीच होती. आता प्रोग्राम दर सेकंदाला डिस्कवर एक वेळ लिहितो, आत्तापासून तीन सेकंद पुढची, आणि त्या वेळेच्या पुढचा नंबर ती पुढे सरकवल्याशिवाय देत नाही. परत उठला की घड्याळ त्या लिहिलेल्या वेळेच्या पुढे जाईपर्यंत तो एकही नंबर देत नाही. लाईट जाऊन येते तेव्हा काउंटर कधी कधी मिनिटभर थांबतात. नव्या टेबलांना मी सातवा यूयूआयडी दिलाय, बिलाच्या टेबलाला स्नोफ्लेकच ठेवलाय, आणि मदरबोर्डचा सेल बदलला.