मॉडेल ‘ट्रेन’ करायला सांगण्याआधी

आमच्याकडे येणारी बहुतेक दुकानं, जिनिंग आणि पतसंस्था पहिल्याच भेटीत म्हणतात, “गिऱ्हाइकांना उत्तरं देणारं एआय मॉडेल आमच्या माहितीवर ट्रेन करून द्या.” म्हणजे फाइन-ट्यूनिंग, तयार मॉडेलला आपली उदाहरणं देऊन पुन्हा शिकवणं. तिघा-चौघांच्या टीमला आम्ही बहुधा ते आधी करू देत नाही. का, ते एका उदाहरणातून सांगतो.

समजा, पारोळ्यातलं ठिबकचं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर दर, गॅरंटी आणि अनुदानाची कागदपत्रं यांबद्दल विचारणा येते आणि तिची उत्तरं मॉडेलनं द्यायची आहेत. सगळ्यात आधी गिऱ्हाइकांनी खरोखर विचारलेले ३० प्रश्न वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर मालकानं बरोबर उत्तर लिहावं. पुढचा प्रत्येक बदल याच वहीवर तपासायचा.

मग नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे स्पष्ट सूचना आणि चार-पाच नमुना उत्तरं. बोलण्याची पद्धत इथेच बरीचशी जमते. दर मात्र चुकतात, कारण ते मॉडेलला ठाऊकच नसतात आणि ते अंदाजानं ठोकून देतं. तुमची सगळी माहिती आठ-दहा पानांत मावत असेल तर ती प्रॉम्प्टमध्येच घाला, पुढे जायची गरज नाही. एवढंच की तो मजकूर दर प्रश्नाबरोबर जातो आणि त्याचे पैसे दर वेळी पडतात. हे पैसे टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं त्यांवर मोजतात, आणि देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, हेही हिशेबात धरा.

पानं शंभरावर गेली किंवा दर वरचेवर बदलत असले, तर रिट्रीव्हल. यात प्रश्नाशी जुळणारे तीन-चार उतारे आधी शोधले जातात आणि तेवढेच मॉडेलपुढे ठेवले जातात. दर बदलला की फाइल बदलायची, झालं.

रिट्रीव्हल फसतं ते बहुतेक वेळा दरपत्रकात. फाइलचे तुकडे पाडताना ‘१६ मिमी’ हा मथळा एका तुकड्यात राहतो आणि दर दुसऱ्यात जातात. मग १२ मिमीचा दर १६ ला सांगितला जातो, तोही ठामपणे. म्हणून उत्तर चुकलं की आधी निवडलेले उतारे उघडून बघा. बरोबर उतारा आलाच नसेल तर दोष शोधण्यात आहे, आला असूनही उत्तर चुकलं तर सूचनेत. तक्त्याची प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहिली, “१६ मिमी इनलाइन लॅटरल, ४ लिटरचा ड्रिपर, ४० सेंमी अंतर, दर अमुक”, की हा घोटाळा सुटतो.

दुसरी अडचण आपल्या अहिराणी बोलीची. कॅटलॉगात ‘लॅटरल’ आहे आणि गिऱ्हाईक विचारतं, “१६ नी नळीनं बंडल कितलाले शे?” त्यासाठी नळी, पाइप, लॅटरल अशी समानार्थी शब्दांची यादी फाइलला जोडा. याला ट्रेनिंग लागत नाही.

फाइन-ट्यूनिंगनं वळण लागतं, पण आजचा दर त्यात भरवशानं बसत नाही, आणि बदलला की पुन्हा खर्च. रोज शेकडो अहिराणी मेसेज ‘दर’, ‘तक्रार’, ‘ऑर्डर’ अशा ठरलेल्या कप्प्यांत टाकायचे असतील, नमुने देऊनही चुका राहत असतील आणि हातानं तपासलेली काहीशे उदाहरणं तयार असतील, तरच आम्ही ते सुचवतो.

भेटीला येताना ती ३० प्रश्नांची वही आणि चालू दरपत्रक घेऊन या.