ड्रिलच्या स्लाइड्सवरून टेबलटॉप सरावाची संहिता: आम्ही ती कशी लिहितो

टेबलटॉप सराव म्हणजे प्रत्यक्ष धावपळ न करता, टेबलाभोवती बसून कोण काय करणार ते बोलून पाहणं. ड्रिलच्या स्लाइड्समध्ये मात्र बहुतेक उत्तरंच लिहिलेली असतात. ‘सायरन वाजताच सर्वांनी असेंब्ली पॉइंटवर जमावे.’ हे टेबलाभोवती वाचून दाखवलं की सगळे माना डोलावतात आणि सराव तिथेच संपतो. म्हणून प्रत्येक सूचनेपाशी थांबून आम्ही विचारतो, की हे कोण ठरवणार आणि कोणत्या माहितीवर?

अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहाचं उदाहरण घ्या. वरच्या एका ओळीतून आम्ही तीन खबरी काढतो. त्या चिठ्ठ्यांवर असतात आणि ज्याला प्रत्यक्षात कळलं असतं, त्याच्याच हातात जातात.

10:00 वाजता शिफ्ट इन्चार्जला फोन येतो: ‘डोळे चुरचुरतायत, वास उग्र आहे.’ जागा सांगितलेली नाही. त्याने विचारलं, तरच सूत्रधार ‘कॉम्प्रेसर रूम’ असं सांगतो.

10:06 ला गेटवरच्या रखवालदाराला चिठ्ठी मिळते: वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक असेंब्ली पॉइंटच्या दिशेने फडकतोय. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, अमोनिया हलका, वर निघून जाईल. वायू हलका आहे हे खरं, पण दाबाखालचा द्रव अमोनिया फुटून बाहेर आला की थंडगार पांढरा ढग जमिनीलगतही सरकतो. तेव्हा माणसं वाऱ्याला आडवी चालवत दुसरीकडे न्यायची, हे कोणीतरी तोंडाने म्हणायला हवं.

10:12 ला हजेरीत एक कंत्राटी कामगार कमी भरतो. श्वसनसंच न लावता कोणी त्याला शोधायला निघतो का, ते इथे दिसतं.

भूमिका नेहमीच्या हुद्द्यांप्रमाणेच द्याव्यात. अपवाद सेफ्टी ऑफिसरचा. तो सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतो (त्यात त्याचा दोष नाही, कामच ते), म्हणून पहिली पंधरा मिनिटं आम्ही त्याला ‘फोन लागत नाही’ अशी चिठ्ठी देतो.

निरीक्षकाने बोलायचं नाही, लिहायचं. ‘समन्वय चांगला होता का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ लिहितात. आमच्या पानावर वेगळे प्रश्न असतात: विंडसॉकची खबर कोणापाशी अडकली? जमण्याची जागा बदलायचं कोण म्हणालं, कितव्या मिनिटाला? कंत्राटी कामगारांची यादी कोणी, कुठून आणली? या शेवटच्या प्रश्नाला ‘असेल ऑफिसात’ असं उत्तर आलं, तर निरीक्षकाने ते शब्दशः उतरवून घ्यावं.

दीड तासाला पाच-सहा खबरी पुरतात. जास्त झाल्या की लोक निर्णय न घेता पुढच्या चिठ्ठीची वाट पाहत बसतात.

व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का, श्वसनसंच चढवायला किती वेळ लागतो, हे टेबलावर कळणार नाही. त्यासाठी प्रत्यक्ष ड्रिलच लागेल.

आम्हाला स्लाइड्स, आवाराचा नकाशा आणि सध्याची फोन यादी पाठवा. संहिता मात्र सरावात बसणाऱ्यांना आधी दाखवू नका.